राज्य निवडीची पोस्ट: श्रेय संघाला आणि घरालाही कसे द्यावे

शालेय निवड याद्या लागल्या की प्रशिक्षकांच्या पोस्ट एकामागून एक दिसू लागतात. बहुतेकांच्या शेवटी एक ओळ ठरलेली असते: ‘पालक, शाळा व सहकारी यांचेही आभार.’ ही ओळ लिहिली की सगळ्यांना श्रेय दिले असे लिहिणाऱ्याला वाटते. वाचणाऱ्या आईला तसे वाटत नाही, आणि मैदानात त्या मुलीच्या शेजारी बसलेल्या मुलींना तर मुळीच नाही. कारण ही ओळ कोणत्याही मुलीच्या, कोणत्याही खेळाच्या पोस्टखाली जशीच्या तशी चालते.

शाळांच्या क्रीडा बातम्या आणि पोस्ट नीट करून देण्याचे काम मी करतो. नव्याने प्रशिक्षक झालेल्या, पहिल्यांदाच अशी पोस्ट लिहिणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. एकच उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत नेऊ. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली एक शाळा, खेळ खो-खो, नववीतली मुलगी. उदाहरण नमुन्यासाठी रचलेले आहे, म्हणून नावांच्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत.

प्रशिक्षकांनी लिहिलेला पहिला मसुदा असा:

‘माझी विद्यार्थिनी राज्य संघात! गेल्या तीन वर्षांच्या माझ्या अथक परिश्रमांचे आज चीज झाले. अत्यंत गरीब घरातल्या या मुलीतले गुण मी हेरले, तिला मैदानावर आणले, घडवले, आणि आज ती राज्य संघात पोहोचली. सत्तरीसारख्या ग्रामीण भागातून राज्य खेळाडू घडवण्याचे माझे स्वप्न पूर्ण झाले. पालक, शाळा व सहकारी यांचेही आभार.’

सरांचा हेतू वाईट नाही. पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो तेव्हा मुलींना सभामंडपात नेऊन सराव करून घेणारा हाच माणूस आहे. पण मसुद्यात मुलीचे नाव नाही, शाळेचे नाव नाही, खेळ कोणता तेही नाही. सापडतात ते सर आणि त्यांचे कष्ट.

आधी निवड नक्की कशासाठी झाली ते ठरवा

‘राज्यस्तरीय निवड’ या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी दडतात. शाळेच्या संघाने खालच्या फेऱ्या जिंकल्या आणि पूर्ण संघ राज्यस्तरीय शालेय स्पर्धेला जाणार, ही एक. मुलीचे नाव संभाव्य खेळाडूंच्या यादीत आले आणि आता सराव शिबिर होणार, ही दुसरी. गोव्याच्या अंतिम संघात नाव आले आणि ती राष्ट्रीय स्पर्धेला जाणार, ही तिसरी.

श्रेय कोणाचे हे या फरकावरच ठरते. पहिल्या प्रकारात निवड झालेली ‘ती’ नव्हेच, तो बारा जणींचा संघ आहे, आणि एकीचाच फोटो टाकणे सरळ चूक आहे. दुसऱ्या प्रकारात ‘राज्य संघात निवड’ असे लिहिले आणि शिबिरानंतर नाव गळले, तर गावात तोंड दाखवायची पाळी त्या मुलीवर येते, सरांवर नाही. तिथे ‘संभाव्य खेळाडूंच्या शिबिरासाठी निवड’ असेच लिहावे.

निवड कोणत्या वाटेने झाली तेही बघा. क्रीडा व युवा व्यवहार संचालनालयाच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. राज्य संघटनेच्या कुमार गटाच्या निवड चाचण्या वेगळ्या. दोन्हींचा घोळ झाला की जाणकार पहिल्याच ओळीत चूक काढतात आणि पुढचे कोणी वाचत नाही. यादी हातात येईपर्यंत, निदान शाळेला लेखी कळेपर्यंत, पोस्ट थांबवा. जन्मदाखला पडताळताना नावे गळतात, हे या क्षेत्रात कोणाला नवीन नाही.

आपल्या उदाहरणात १७ वर्षांखालील मुलींच्या गोवा संघाची अंतिम यादी लागली आहे असे धरू.

मग क्रियापदांखाली रेघ ओढा

मसुदा कागदावर घ्या, प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढा आणि ते काम कोणी केले ते वर लिहा. हेरले: मी. आणले: मी. घडवले: मी. मुलीच्या वाट्याला एकच क्रियापद येते, पोहोचली. संघाला आणि घराला एकही नाही. त्यांना मिळाले आहेत ते ‘आभार’, आणि आभार मानणारेही सरच.

पोस्ट दुरुस्त करणे म्हणजे शेवटच्या ओळीत आणखी चार नावे घालणे नव्हे. ज्याने काही केले त्याला त्याच्या कामाचे वाक्य द्यायचे. ‘आईचा पाठिंबा लाभला’ हे वाक्य झाले नाही, त्यात आईने काय केले ते कळतच नाही. ‘शिबिर निवासी होते, तरी आईने पहिल्याच दिवशी संमतिपत्रावर सही केली’ हे वाक्य झाले. घरातून मुलगी पहिल्यांदा चार रात्री बाहेर राहणार असते तेव्हा त्या सहीमागे काय असते, हे आपल्याकडच्या वाचकाला सांगावे लागत नाही.

संघाचे काम गुणपत्रकात अर्धेच सापडते

सगळ्यांत जास्त वेळ या पायरीला द्या, कारण इथेच बहुतेक पोस्ट पोकळ राहतात.

खो-खोमध्ये पारंपरिक नियमांनुसार संघात बारा आणि मैदानात नऊ. आक्रमणाच्या वेळी आठ जणी चौकोनांत बसलेल्या आणि एक पाठलागावर. पाठलाग करणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत उलटे फिरता येत नाही. पळणारी मात्र बसलेल्या दोघींच्या मधून सटकन पलीकडे जाते. म्हणून पलीकडे तोंड करून बसलेलीला नेमक्या क्षणी मागून खो द्यावा लागतो. अर्धा क्षण आधी दिला तर पळणारी अलीकडेच थांबते, उशिरा दिला तर ती निसटून गेलेली असते.

आता गुणपत्रक बघा. गडी कोणी टिपला त्या मुलीचा नंबर तिथे येतो. खो कोणी दिला तिचा येत नाही. निवड समितीसमोर जे आकडे जातात त्यांत टिपणारी दिसते, तिला उठवणारी दिसत नाही. ही उणीव पोस्ट लिहिणाऱ्याने भरून काढायची असते, कारण सामना बघितलेला आणि चार ओळी लिहू शकणारा तो बहुतेक वेळा एकटाच असतो.

त्यासाठी संघातल्या मुलींना एकत्र बसवून विचारा, पण ‘तुम्ही तिला काय मदत केली?’ असे विचारू नका. उत्तर येते, ‘काही नाही सर, तीच चांगली खेळते.’ सामन्यातला प्रसंग धरून विचारा. तिने टिपलेल्या चार गड्यांपैकी प्रत्येक वेळी खो कोणाचा होता? संरक्षणाच्या पहिल्या तुकडीत ती शेवटपर्यंत टिकली, तेव्हा बाकीच्या दोघी आधी कशा पळत होत्या? सरावात तिला सर्वांत जास्त वेळा कोण बाद करते? या तिसऱ्या प्रश्नावर सगळ्या हसून एकीकडे बोट दाखवतात. ती मुलगी राखीव असेल आणि सामन्यात मैदानावर उतरलीही नसेल, तरी तिच्याविरुद्ध रोज पळूनच निवड झालेलीचे पाय तयार झालेले असतात.

आपल्या उदाहरणात असे निघाले: चारपैकी तीन गड्यांच्या वेळी खो आठ नंबरच्या मुलीचा होता. पहिल्या तुकडीत कर्णधार आणि उपकर्णधार यांनी सुरुवातीला पाठलाग आपल्याकडे ओढून ठेवला, म्हणून ही नंतर ताज्या दमाने पळाली. आणि सरावात तिला हमखास टिपणारी एक राखीव खेळाडू आहे, बारा नंबरची.

एक काळजी घ्या. निवड चाचणीला संघातल्या आणखी काही जणी गेल्या असतील आणि त्यांची नावे लागली नसतील. त्यांच्याबद्दल ‘थोडक्यात हुकल्या’ असे प्रेमानेही लिहू नका. ती त्यांची गोष्ट आहे, दुसरीच्या अभिनंदनात ती नको. पूर्ण संघाची नावे द्यायची तर शर्टाच्या नंबरांप्रमाणे द्या, म्हणजे कोण वर आणि कोण खाली हा प्रश्न उरत नाही. राखीव खेळाडूही त्याच ओघात येतील, वेगळ्या ओळीत नकोत.

नावे प्रत्येकीकडून लिहून घ्या. आपल्याकडे एकाच वाडीत नाईक आणि नायक, गावकर आणि गांवकर दोन्ही असतात. फर्नांडिस की फर्नांडीस, हेही तिलाच विचारा. ज्या मुलीचे नाव आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी लिहून येणार, ते चुकीचे येऊ नये.

घरी जाऊन काय विचारायचे

फोनवर विचारलेत तर आई म्हणणार, ‘आम्ही काय केलं? सगळं सरांनीच केलं.’ हे ती मनापासून म्हणते, आणि तेवढ्यावर थांबलात तर पोस्टमध्ये पुन्हा तुम्हीच उरता. घरी जा, चहा घ्या आणि रोजचा दिवस विचारा. सरावाच्या दिवशी घरात सर्वांत आधी कोण उठते? शेवटची कदंब बस चुकली तर ती घरी कशी येते? ती मैदानावर असते तेव्हा तिच्या वाटचे काम कोण करते? बूट कोणी आणले? या प्रश्नांना ‘काही नाही’ असे उत्तर देता येत नाही.

उदाहरणातल्या घरी उत्तरे आली ती अशी. दादा कामावरून सुटला की घरी न जाता आधी तिला तिठ्यावरून स्कूटरवर आणतो. संध्याकाळी गुरांचे आणि पाण्याचे काम तिच्याकडे होते, ते काकीने आपल्याकडे घेतले आणि कोणाला बोलली नाही. आईने शिबिराची सही केली, वर शेजारणींच्या प्रश्नांना उत्तरेही तिनेच दिली.

काकीचे नाव सरांच्या डोक्यात कधीच आले नसते, आणि मुलीलाही सांगावेसे वाटले नव्हते, कारण घरात अशी कामे कोणी मोजत नाही. नेमक्या याच माणसाला वाक्य द्यायचे असते.

आता गाळायचे काय. ‘अत्यंत गरीब घरातल्या’ हे पहिले गाळा. घरची परिस्थिती पोस्टमध्ये घातली की सरांचे काम मोठे दिसते आणि घर लहान दिसते. वर्गात उद्या त्या मुलीला त्यावरून कोणी काही बोलले तर ते मागे घेता येत नाही. घरातले आजारपण, कर्ज, वडिलांचे व्यसन, कोणाचा मृत्यू, यांतले काहीही घरच्यांनी आपणहून ‘लिहा’ म्हटल्याशिवाय लिहायचे नाही. आईने हो म्हटले तरी मुलीला वेगळे विचारा. नववीतली मुलगी आईसमोर नाही म्हणायला संकोचते.

दुसरे, ती अल्पवयीन आहे. वाडीचे नाव, सरावाची वेळ, ती कुठे उतरते आणि कोणाबरोबर घरी जाते हे पोस्टमध्ये नको. म्हणून दादाचे वाक्य बदलायचे: ‘सरावानंतर तिला आणायला दादा कधी चुकला नाही.’ तिठा गेला, स्कूटर गेली, दादाचे काम राहिले. निवडपत्राचा फोटो टाकताना जन्मतारीख, आधार क्रमांक आणि फोन नंबर झाका. त्यापेक्षा पत्र टाकूच नका, संघाचा फोटो टाका. त्या फोटोतल्या बाकीच्या मुलींच्या घरीही विचारावे लागते, हे बहुतेक जण विसरतात.

सरांनी स्वतःला कुठे ठेवायचे

श्रेय वाटायचे म्हणून काही जण स्वतःला पूर्ण पुसून टाकतात आणि ‘मी फक्त निमित्तमात्र’ असे लिहितात. त्यावर खाली पन्नास जण ‘नाही सर, तुम्हीच’ असे लिहितात आणि सगळी चर्चा परत सरांवर येते. त्यापेक्षा तुम्ही जे केले ते एका साध्या वाक्यात सांगा. तीन वर्षे सराव घेतला, पावसात सभामंडपात घेतला. विशेषणे नकोत. दुसऱ्या मुलींच्या पालकांना सराव कोण घेते हे कळायला हवेच.

शाळेत क्रीडाशिक्षक वेगळे असतील तर प्रवेशिका भरणे, दाखले गोळा करणे, संघ घेऊन जाणे हे त्यांनी केलेले असते. त्यांनाही त्यांच्या कामाचे वाक्य द्या. याआधी प्राथमिक शाळेत तिला कोणी खेळायला लावले असेल तर तेही विचारून घ्या. ‘घडवले’ हे क्रियापद मात्र कोणालाच देऊ नका. मुलगी स्वतः पळाली आहे.

आता पुन्हा लिहा

पहिल्या दोन ओळींत नाव, शाळा, खेळ, गट आणि निवड एवढे आले पाहिजे, कारण लांब मजकूर फोनवर तिथेच कापला जातो आणि पुढचे उघडून बघणारे थोडे. त्यानंतर तिचा स्वतःचा खेळ, मग संघ, मग घर, मग शाळा आणि सर. तिच्या खेळाआधी घर घातले तर ती कृपेवर पुढे आल्यासारखी वाटते, म्हणून हा क्रम मोडू नका.

‘(मुलीचे पूर्ण नाव), इयत्ता नववी, (शाळेचे नाव), सत्तरी. १७ वर्षांखालील मुलींच्या गोवा खो-खो संघात तिची निवड झाली आहे. मनापासून अभिनंदन!

तालुक्याच्या अंतिम सामन्यात ती २ मिनिटे ४० सेकंद पळाली आणि आक्रमणात तिने चार गडी टिपले. त्यांतल्या तीन वेळा नेमका खो दिला तो (आठ नंबरच्या खेळाडूचे नाव) हिने. संरक्षणात (कर्णधार) आणि (उपकर्णधार) यांनी सुरुवातीचा पाठलाग आपल्यावर घेतला. सरावात तिला सर्वांत जास्त वेळा बाद करते ती (बारा नंबरच्या खेळाडूचे नाव).

हा संघ: (बारा जणींची नावे, शर्टाच्या नंबरांप्रमाणे).

निवासी शिबिरासाठी आईने पहिल्याच दिवशी सही केली. संध्याकाळचे तिच्या वाटचे काम काकीने आपल्याकडे घेतले. सरावानंतर तिला आणायला दादा कधी चुकला नाही.

प्रवेशिका आणि दाखल्यांचे काम क्रीडाशिक्षक (नाव) यांनी पाहिले. तीन वर्षे सराव मी घेतला, पावसाळ्यात तो सभामंडपात झाला. मंडप वापरू दिल्याबद्दल देवस्थान समितीचे आभार.

राष्ट्रीय स्पर्धेच्या तारखा जाहीर झाल्या की कळवू.’

आभार इथेही आहेत, पण कशाबद्दल ते सांगून. मजकूर पहिल्यापेक्षा लांब झाला, त्याला इलाज नाही. लहान करायचाच असेल तर सरांच्या आणि शाळेच्या ओळी आखडा, खो देणारीची आणि काकीची ओळ राहू द्या.

पाठवण्याआधी

मजकूर मुलीला, तिच्या आईला आणि कर्णधाराला दाखवा. आईला वाचून दाखवलात तर अधिक बरे, कारण ऐकताना माणूस ‘हे नको’ असे पटकन म्हणतो. काकीलाही विचारा. काही घरांत सुनेचे असे कौतुक जाहीर झालेले चालत नाही आणि त्याचा त्रास तिलाच होतो. ती नको म्हणाली तर ‘घरच्यांनी तिच्या वाटचे काम वाटून घेतले’ असे करा.

कर्णधार सांगेल की तिसरा खो आठ नंबरचा नव्हता, पाच नंबरचा होता. अशी दुरुस्ती आली तर गुणपत्रकातली वेळ आणि कोणी फोनवर सामना टिपला असेल तर ते चित्रीकरण बघून खात्री करा. खात्री होत नसेल तर ‘तीनपैकी दोन’ असे न करता दोघींची नावे लिहा.

हाच मजकूर वर्तमानपत्राला द्यायचा असेल तर घराच्या ओळी बहुधा कापल्या जातात, कारण जागा थोडी असते. तिथे काकी राहणार नाही, पण संघ राखता येतो. बातमीसोबत एकटीचा फोटो न देता संघाचा द्या आणि खाली ‘डावीकडून’ म्हणून सगळी नावे क्रमाने लिहून द्या. नावे तयार मिळाली तर ती छापली जाण्याची शक्यता खूप वाढते. नसली तर ‘निवड झालेली खेळाडू संघासमवेत’ एवढेच छापून येते.

पोस्ट गेल्यावर ‘सर, सगळं तुमच्यामुळे’ असे अभिप्राय येतीलच. त्यांना ‘धन्यवाद’ एवढेच उत्तर देऊ नका. आठ नंबरच्या मुलीचे नाव घेऊन लिहा, ‘तिसरा गडी कसा टिपला ते हिला विचारा.’ लोक खरोखरच विचारतात.